रात्रपाळीच्या माणसाची सकाळची वेळ

माझ्या धाकट्या दिरांना गल्लीतली मुलं करपट काका म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण ते त्यांना ठाऊक आहे. पाव भाजणाऱ्या माणसाला असं नाव पडावं यात त्याच्या कामाचा अपमान आहे, कारण त्यांच्या हातचा पाव कधी करपत नसे. नाव पडलं ते चेहऱ्यावरून आणि जिभेवरून.

बेकरी सासऱ्यांची. त्यांनी जाण्याआधी कामाची वाटणी करून ठेवली: थोरल्याने दिवसा गल्ल्यावर बसायचं, धाकट्याने रात्री भट्टी सांभाळायची. तेव्हा थोरल्याचं, म्हणजे आमच्या ह्यांचं, लग्न झालेलं होतं आणि धाकट्याचं व्हायचं होतं. ज्याचं व्हायचं होतं त्याला रात्र मिळाली. पुढे त्यांचंही लग्न झालं, धाकटी जाऊ घरात आली, पण रात्र तशीच राहिली. अठरा वर्षं भावजी संध्याकाळी चारला उठून मैदा भिजवायला जात आणि उजाडल्यावर पावाच्या पेट्या टेम्पोत चढवून घरी येत. आम्ही उठायचो तेव्हा ते झोपायचे.

माझ्याशी त्यांचं कधी गोड नव्हतं. मी सकाळी देवापुढे बसले की मागून जाता जाता म्हणायचे, "वहिनी, एवढं रोज बोलता, तिकडून कधी उत्तर आलं तर मलाही सांगा." मी मनातल्या मनात त्यांना चार शब्द सुनवायचे, मग देवाची क्षमा मागायचे आणि माझं नामस्मरण पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. असा माणूस. पण त्या टोमण्यांत धार होती, आणि धार असली की माणूस जिवंत आहे हे कळतं.

मग ती धार गेली. जेवायला बसले की ताटाकडे बघत बसायचे. आंघोळीला चार-चार दिवस दांडी. दिवसाची झोप तुटायला लागली. मुख्य म्हणजे भट्टीतला अख्खा घाणा काळा झाला आणि भावजी लांब दांड्याचं फावडं हातात धरून नुसते बघत उभे होते, असं कारागिरांनी ह्यांना येऊन सांगितलं. हे चिडले. म्हणाले, "नाटकं आहेत. काम टाळायचं आहे." धाकटी म्हणाली, "काम टाळणारा माणूस रोज वेळेवर कामावर जातो का?" त्यावर हे मोठ्याने ओरडले.

धाकटी त्यांना मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. चष्म्याच्या दुकानावर दोन खोल्या, अरुंद जिना, बाहेर चार खुर्च्या. आतल्या खोलीत एक यंत्र. डोक्याला लावून बाहेरून चुंबकाचे झटके देतात आणि मेंदूचा मलूल झालेला भाग जागा करतात, असं तिने ऐकलं होतं. ऑपरेशन नाही, भूल नाही. तिला वाटलं, गेलं की दुसऱ्या दिवसापासून सुरू. मला म्हणाली, "ताई, तुम्ही चला, मला एकटीला धीर होत नाही." आणि आम्ही दोघी निघालो म्हणून हेही निघाले. धाकट्या भावाबद्दल बाहेर काय बोललं जातं ते ह्यांना ऐकायचं होतं.

डॉक्टरीणबाई शांत होत्या, पण मऊ नव्हत्या. आधी कोणकोणत्या गोळ्या घेतल्या, किती दिवस, किती ताकदीच्या, हे विचारलं. दुसऱ्या एका डॉक्टरांनी वर्षभरापूर्वी गोळ्या दिल्या होत्या. धाकटी घाईघाईने म्हणाली, चांगल्या तीन महिने घेतल्या, काही उपयोग झाला नाही. भावजी इतका वेळ जमिनीकडे बघत होते. त्यांनी मान वर केली.

"दहा दिवस," ते म्हणाले. "भट्टीसमोर झोप यायची. कचऱ्यात टाकल्या."

धाकटीचा चेहरा उतरला. ह्यांना आनंद झाला. तो लपवायचा ह्यांनी प्रयत्नही केला नाही. डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता सांगितलं की दहा दिवसांची गोळी हिशेबात धरता येत नाही. हे यंत्र, निदान या दवाखान्यात, पहिला उपाय म्हणून देत नाहीत. गोळ्या पुरेशा ताकदीने, पुरेसे आठवडे घ्यायच्या. एकीने नाही झालं तर दुसरी. दोन्हींनी नाही झालं तर यंत्राचा विचार. मग त्यांनी आणखी विचारलं: कधी उलट झालंय का, झोपेशिवाय अंगात वारं शिरल्यासारखं, पैसे उधळणं, बडबड? भावजी म्हणाले, "माझ्याकडे बघून तसं वाटतं का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी बघून ठरवत नाही, विचारून ठरवते." मग जीव द्यावासा वाटतो का, हे त्यांनी सरळ विचारलं. आम्ही तिघं बसलेलो असताना.

"मरायलासुद्धा उठावं लागतं," भावजी म्हणाले.

आमच्या ह्यांनी खुर्ची मागे सरकवली. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाहेर बसायला सांगितलं आणि बराच वेळ त्या एकट्या त्यांच्याशी बोलल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही. बाहेर आल्यावर धाकटीला त्यांनी एवढंच सांगितलं की घाबरवणारा बेत काही नाही, पण घरात लक्ष ठेवा, आणि वाईट वाटलं तर वेळ न बघता फोन करा.

घरी येताना जिन्यातच ह्यांनी धाकटीला झापलं की डॉक्टरांसमोर खोटं बोलून घराण्याची अब्रू घालवलीस. ती म्हणाली, "अब्रू माझ्याकडे ठेवायला दिली होती का?" त्यानंतर महिनाभर ती ह्यांच्याशी बोलली नाही. बेकरीचा निरोप द्यायचा असला की मला सांगायची, ह्यांच्या समोर उभं राहून.

पुढचे कित्येक महिने गोळ्यांत गेले. यावेळी धाकटीने त्या समोर उभं राहून गिळायला लावल्या. पहिलीने काही नाही. दुसरीने थोडी भूक लागली, पण माणूस तसाच. थायरॉइडची रक्ततपासणीही झाली, ती ठीक आली. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता यंत्र देता येईल. त्याआधी सुरक्षिततेचे प्रश्न. ते विचारायला यंत्र चालवणाऱ्या बाई होत्या.

त्या बाई म्हणजे भावजींना भेटलेली पहिली तोडीस तोड. सडपातळ, चष्मा गळ्यात अडकवलेला, आवाज शाळेतल्या पर्यवेक्षकासारखा. डोक्यात किंवा मानेत काही धातू आहे का, त्यांनी विचारलं. क्लिप, पट्टी, कानात बसवलेलं यंत्र, छातीत पेसमेकर, बंदुकीच्या गोळीचा तुकडा.

"चमचा गिळला नाही अजून," भावजी म्हणाले.

"गिळला असता तरी चालला असता, डोक्यापासून लांब असतो," बाई म्हणाल्या. "डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का?"

भावजींचा हात डोळ्याकडे गेला. लग्नाआधी, बेकरीत पूर्णवेळ येण्यापूर्वी, ते लोखंडी दरवाजे-खिडक्या बनवणाऱ्या कारखान्यात घासकाम करायचे. तेव्हा डोळ्यात ठिणगी गेली होती. डॉक्टरांनी काढली म्हणाले होते. बाईंनी पेन खाली ठेवलं. काढली याचा पुरावा हवा. डोळ्यांचा एक्स-रे आणा, त्याशिवाय चुंबक डोक्याजवळ नेणार नाही. आत लोखंडाचा कण राहिला असला तर तो हलू शकतो. हे भडकले. अठरा वर्षांपूर्वीच्या ठिणगीसाठी आता फेऱ्या मारायच्या का? बाई म्हणाल्या, "फेरी एकच आहे. डोळे दोन आहेत." एक्स-रे झाला. डोळे स्वच्छ निघाले. भावजी तो कागद बाईंच्या टेबलावर आपटून म्हणाले, "बघा, आत काहीच नाही. डोक्यातही नसेल."

फीट कधी आली होती का, घरात कुणाला आहे का, डोक्याला मोठा मार, दारू रोजची आहे का, आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे सगळं विचारून झालं. या उपचारात फीट येणं फार क्वचित घडतं, पण कशामुळे त्याची शक्यता वाढते ते आधी बघायचं, असं बाईंनी सांगितलं. झोप किती, हेही त्यांनी विचारलं. धाकटीने सांगितलं, सहा-सात तास. ते खोटं नव्हतं. तेव्हा ते सकाळी नऊला झोपून चारला उठायचे, तुटत-तुटत का होईना. कधी झोपता, हे कुणी विचारलं नाही. कागदावर व्यवसायापुढे ह्यांनी आपल्या हाताने 'बेकरी, भागीदार' असं लिहिलं होतं. ते वाचून कुणाच्याही डोळ्यापुढे गल्ल्यावर बसलेला माणूस येईल.

आणि मग वेळ ठरवायची होती. इथेच सगळं बिघडलं, पण तेव्हा कळलं नाही.

आठवड्यातले पाच दिवस, शनिवार-रविवार सुट्टी, असे सहा आठवडे. एकच यंत्र, एकच बाई. वही उघडून त्यांनी सांगितलं की संध्याकाळी पाचची वेळ मोकळी आहे आणि सकाळी आठची. पाच म्हटल्यावर धाकटी पुढे झाली. झोपून उठला की ताजा असताना नेता येईल, असा तिचा हिशेब होता. पण हे मध्ये पडले. पाचला मैदा भिजलेला असतो, भट्टी पेटवायची असते. तेव्हा हा इथे खुर्चीत बसला तर पाव कोण करणार? सकाळी आठला काम आटपलेलं असतं, तो जागाच असतो, पेट्या गेल्या की सरळ इथे येईल आणि मग घरी जाऊन झोपेल. ऐकायला सगळं सरळ होतं. आमच्या घरात तेव्हा कुणालाच ते वाकडं दिसलं नाही, मलाही नाही. भावजींना विचारलं तर ते म्हणाले, "मला काय, कधीही बसवा." बाईंनी आठची वेळ लिहून घेतली. पाचची वेळ दुसऱ्या दिवशी कुणा शाळामास्तरला गेली.

पहिल्या दिवशी मी बरोबर होते. दाताच्या डॉक्टरांकडे असते तशी खुर्ची. भावजींच्या डोक्यावर कापडी टोपी बसवून बाईंनी त्यावर खुणा केल्या. कानात बोळे. मग इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं, तळहाताएवढं एक चपटं काळं यंत्र दांड्यावरून खाली आणून डाव्या बाजूला टेकवलं. टक. काही नाही. जरा सरकवलं. टक. आणि भावजींचा उजवा अंगठा आपोआप उडाला. मी जागच्या जागी दचकले. डॉक्टरीणबाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. कमीत कमी किती जोर लावला की अंगठा हलतो, ते प्रत्येकाचं वेगळं असतं. ते मोजायचं, त्यावरून त्या माणसाचा जोर ठरवायचा, मग यंत्र त्या जागेपासून थोडं पुढे, कपाळाच्या वरच्या अंगाला न्यायचं. भावजी आपल्या अंगठ्याकडे असे बघत होते, जणू तो दुसऱ्याचा आहे.

"माझ्या बापाचंसुद्धा मी इतकं ऐकलं नाही," ते म्हणाले.

मग उपचार सुरू झाला. चार सेकंद टकटकटकटक, मग थांबा, पुन्हा टकटक. वीसेक मिनिटं. सुतारपक्षी डोक्यावर बसल्यासारखं, आणि भुवई त्या तालावर उडत होती. सुरुवातीचे दिवस बाई जोर कमी ठेवून हळूहळू वाढवणार होत्या. संपल्यावर कपाळ दुखतं म्हणाले. बाई म्हणाल्या, होतं तसं, बहुतेकांचं चार-आठ दिवसांत कमी होतं. भावजी म्हणाले, "बाई, तुमच्या यंत्रापेक्षा तुमची जीभ जास्त टोचते." बाई टोपी घडी करता करता म्हणाल्या, "जिभेला सुट्टी नाही, ती शनिवार-रविवारीही चालते."

रोज खुर्चीत बसवण्यापूर्वी बाई तेच प्रश्न विचारत. गोळी बदलली का, दारू घेतली का, झोप झाली का. भावजी म्हणायचे, झाली.

झाली नव्हती. दवाखान्यातून घरी यायला दहा वाजायचे, तोवर ऊन चढलेलं, कपाळ ठणकत असायचं, समोर कुणाचं तरी बांधकाम, वर मुलांचा धिंगाणा. दोन तास डोळा लागायचा, कधी तेवढाही नाही, आणि चारला पुन्हा मैदा. धाकटीच्या लक्षात आलं तेव्हा तिने ह्यांना सांगितलं की थोडे दिवस रात्रीचं बघा. ह्यांनी भावजींना बोलावून समजावलं. मी तिथेच भाजी निवडत होते. हे म्हणाले, "उपचार चाललाय ना? त्या बाईने झोपेचं विचारलं की झाली म्हणायचं. दोन अक्षरं बोलायला काय जातं तुझं? उगाच तारीख गेली तर परत सगळं पहिल्यापासून." भावजींनी मान डोलावली. त्या दिवसांत ते कशालाही मान डोलवत.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी खुर्चीतच त्यांची मान कलली. टकटक चालू आणि माणूस झोपलेला. यंत्राच्या बाईंनी लगेच बटण बंद केलं, त्यांना हलवून जागं केलं, पाणी दिलं. शेवटचं झोपलात कधी, त्यांनी विचारलं. भावजी झोपेत होते म्हणून असेल किंवा कंटाळले होते म्हणून, त्यांनी खरं सांगितलं.

"काल दुपारी दीड तास. त्याच्या आदल्या दिवशी तेवढाच. रात्री मी भट्टीवर असतो."

"मग रोज 'झाली' असं का म्हणत होता?"

"दादाने सांगितलं होतं."

बाईंनी डॉक्टरीणबाईंना बोलावलं. धाकटी दारात उभी होती, तिने मला नंतर सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई चिडल्या, पण भावजींवर नाही. अपुरी झोप म्हणजे फीटचा धोका वाढतो, म्हणून तर रोज विचारतात. आणि खुर्चीत जागं राहावं लागतं. आम्ही झोपेचे तास विचारले, वेळ विचारली नाही, ही आमची चूक, असंही त्या बोलल्या. धाकटीला ते आवडलं. आमच्या घरात चूक म्हणजे दुसऱ्याच्या घरातली वस्तू आहे. दुपारी ह्यांना बोलावून घेतलं आणि त्या स्पष्ट बोलल्या. रात्रपाळी चालू असेपर्यंत यंत्र चालू होणार नाही. पाचची वेळ आता भरलेली आहे. चार दिवस खंड पडला तर मागे जोडून घेता येतो, पण फार दिवस गेले तर पुन्हा सगळं तपासून नव्याने सुरू करावं लागेल, आणि बाहेर वाट बघणारे आहेत. आठची जागा मी फक्त पुढच्या शुक्रवारपर्यंत धरून ठेवते.

"म्हणजे आम्ही बेकरी बंद करायची?" ह्यांनी विचारलं.

"ते मी कसं सांगणार? रात्री यांनी झोपायचं, एवढंच मी सांगते."

घरी येऊन हे जे बोलायचं ते बोलले. यंत्र म्हणजे थोतांड, बाई उद्धट, डॉक्टर पैसे उकळणारी, आणि मी पन्नाशीला आलोय, मी रात्रभर भट्टीसमोर उभा राहू का? कुणी म्हणालं नव्हतं की तुम्ही राहा. ह्यांच्याच तोंडून ते निघालं आणि मग ते घरात फिरत राहिलं.

सोमवारी संध्याकाळी चारला भावजी नेहमीसारखे उठून बेकरीत गेले. मी पाठोपाठ डबा घेऊन गेले. धाकटी आधीच तिथे होती, भट्टीच्या दाराला पाठ लावून. कारागीर बाजूला चुळबुळत उभे. ह्यांनी गल्ल्यावरून विचारलं, हा काय तमाशा?

"आज हे काम करणार नाहीत," धाकटी म्हणाली. जिन्यातल्या भांडणानंतर ती ह्यांना इतकं तोंडावर पहिल्यांदाच बोलत होती. "तुम्ही करा, नाहीतर बंद ठेवा."

"पाव गेला नाही तर गिऱ्हाईक जातं. एकदा गेलं की येत नाही."

"नवरा गेला तर येतो का?"

हे माझ्याकडे वळले. मी देवाला मानते, नवऱ्यालाही मानते, पण त्या घटकेला मला दोघांपैकी कुणाचीही आठवण झाली नाही, मला फक्त तो खुर्चीत कललेला माणूस डोळ्यापुढे आला, जो मी पाहिलाही नव्हता. मी डबा भावजींच्या हातात दिला आणि म्हणाले, घरी जाऊन जेवा. ते गेले. मागे वळून बघितलंही नाही. अठरा वर्षांत पहिल्यांदा ते संध्याकाळी घराच्या दिशेने चालत होते.

दुसऱ्या दिवशी पाव झाला नाही. टेम्पोवाला रिकामा उभा राहून शिव्या देऊन गेला. वसतिगृहाच्या स्वयंपाक्याचा फोन, दोन चहावाले, एक दवाखान्याची खानावळ; प्रत्येकजण ह्यांना बोलला आणि ह्यांनी प्रत्येकाला सांगितलं की यंत्र बिघडलंय. कोणतं ते सांगितलं नाही. दुपारी ह्यांनी न जेवता हात धुतले, मला म्हणाले, "जुने कपडे काढून ठेव," आणि चारला मैदा भिजवायला गेले. तोंड असं, की कारागीर बोलायचे थांबले.

गुरुवारी यंत्र पुन्हा सुरू झालं. तीन रात्री झोपून आलेल्या माणसाचा अंगठा बाईंनी पुन्हा मोजला, कारण झोपेने तोही आकडा बदलू शकतो. झोपेचा प्रश्न आता त्या धाकटीलाही वेगळा विचारायच्या, आणि दोघांचं उत्तर जुळलं तरच टोपी बाहेर यायची. भावजी म्हणाले, "पोलीस ठाण्यात यापेक्षा बरी वागणूक मिळते." बाई म्हणाल्या, "मग तिथे जाऊन झोपायचं होतं."

फरक लगेच पडला नाही. तिसऱ्या आठवड्यातही ते भिंतीकडे तोंड करून असायचे, आणि ह्यांचा रात्रीचा राग सकाळी घरात सांडायचा. पहिले काही दिवस हे पाव करपवूनच आणायचे. त्यांना दिवसा झोप येईना. घरात भांडं वाजलं तर ओरडायचे. एकदा मी नामस्मरणाचा आवाज जरा मोठा केला, तर खोलीतून म्हणाले, "मनात म्हणता येत नाही का?" धाकटीने माझ्याकडे बघून ओठ दाबले. दोन्ही भाऊ एकाच जिभेचे होते, हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

चौथा आठवडा संपत आला तेव्हा भावजी जेवता जेवता म्हणाले, "आमटीत मीठ नाही." धाकटी पदराने डोळे पुसायला उठली. त्यांना कळेना की मिठासाठी रडण्यासारखं काय आहे. त्यानंतर आंघोळ रोज झाली. वर्तमानपत्र वाचून ते त्यातल्या माणसांना नावं ठेवू लागले. डॉक्टरीणबाई दर आठवड्याला प्रश्नांची एक यादी भरून घेत, आजार जितका जास्त तितका तिचा आकडा मोठा. शेवटी तो आकडा निम्म्याहून खाली आला. बरा झाला असं त्यांनी म्हटलं नाही. चांगला प्रतिसाद आहे, म्हणाल्या. गोळी चालू ठेवायची, पुढे काही दिवस यंत्राला विरळ अंतराने यायचं, परत तसं वाटायला लागलं तर लवकर सांगायचं. आणि रात्रीची झोप सोडायची नाही.

हे शेवटचं वाक्य ह्यांनी ऐकलं नव्हतं. ह्यांचा हिशेब असा की सहा आठवडे संपले म्हणजे हिशेब संपला. सोमवारी हे दुपारी गल्ल्यावर येऊन बसले आणि संध्याकाळी उठलेच नाहीत. भावजी समोर आले.

"मैदा कोण भिजवणार?" ह्यांनी विचारलं.

"रोज भिजवतो तोच."

"तुझी पाळी सुरू. चार आठवडे मी काढले. माझी तब्येत बघ काय झाली."

"बघितली. वजन उतरलंय, तुला बरं दिसतं." भावजींनी गल्ल्यावरचं फडकं उचललं. "मी दिवसा बसणार, दादा. रात्री नाही. माणूस ठेव, नाहीतर तू कर."

ह्यांचा आवाज चढला. उपकार, बापाची वाटणी, समाजात तोंड, सगळं निघालं. पूर्वी भावजी अशा वेळी एक टोचणारं वाक्य बोलून निघून जायचे आणि मग आठ दिवस गप्प. यावेळी ते गेले नाहीत. गल्ल्यासमोर उभे राहून तितक्याच मोठ्या आवाजात बोलले. वाटणी केली तेव्हा मला विचारलं होतं का? एकदा तरी कुणी विचारलं का, की तुझ्या झोपेसाठी दिवसा खिडक्या लावू का? रस्त्यावर माणसं थांबली. पाव घ्यायला आलेली एक बाई पिशवी उघडी धरून दोघांकडे आलटून-पालटून बघत होती. मला वाटलं मध्ये पडावं. धाकटीने माझा हात धरला. म्हणाली, "ताई, राहू द्या. त्यांना भांडू द्या. किती दिवसांनी भांडतायत."

ह्यांनी फडकं हिसकावलं आणि भट्टीकडे गेले. दार असं आपटलं की बरण्यांची झाकणं वाजली.

माणूस ठेवलाय, पण आठवड्याचे तीनच दिवस येतो. बाकी रात्री हेच असतात. भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. ह्यांना धाकट्याने फसवलं असं अजून वाटतं, आणि भावजींना ते वाटणं दिसतं, तरी ते आपल्या जागेवरून हलत नाहीत. गिऱ्हाइकांना ते टोमणे मारतात, दोन-चार गिऱ्हाइकं त्यामुळे तुटलीही.

परवा उजाडता हे पिठाने पांढरे झालेले बाहेर आले, भावजी गल्ला उघडत होते. पहिल्या पेटीतला एक पाव भावजींनी उचलला, उलटा केला, बोटाने दाबला.

"मधोमध कच्चा आहे."

हे पायऱ्या उतरत होते. थांबले. "मला शिकवू नकोस."

"मग शीक," भावजी म्हणाले, आणि ती पेटी बाजूला सरकवली. विकली नाही.